पिशवी खिशातून काढून टाका

घाबरण्याचा झटका येऊन धाप लागली की तोंडाला लावायला कागदी पिशवी जवळ ठेवता असं लिहिलंत, म्हणून सांगतो. मीही दोन वर्षं बाळगली होती. घाबरल्यावर आपण भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानं बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. पिशवीत सोडलेलीच हवा परत घेतली की तो वाढतो, हा त्यामागचा हिशेब. पण पिशवीतला ऑक्सिजनही कमी होत जातो, हे कोणी सांगत नाही. धाप दम्याची किंवा हृदयविकाराची असेल तर ते जिवावर बेतू शकतं. १९८९ मध्ये अशा मृत्यूंची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली होती. आणि ऐन झटक्यात धाप कशाची हे आपल्याला कळणार कसं?

त्याऐवजी श्वास सोडण्याकडे लक्ष द्या. ‘खोल श्वास घे’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, त्यानं जास्तच हवा आत जाते. नाकानं चार आकडे मोजत बेताचा श्वास घ्या, मग ओठ शिट्टी वाजवल्यासारखे करून सहा आकडे मोजत सोडा. सहा जमले नाहीत तर पाच. मला सुरुवातीला तीनच जमायचे, मध्येच उसासा यायचा. आला तर येऊ द्या, पुढचा श्वास पुन्हा हळू सोडा. चार-पाच मिनिटं असंच करत राहा, मुंग्या लगेच जात नाहीत. सराव मात्र शांत असताना करा.

छातीत दुखतंय, ओठ निळसर पडलेत किंवा असं पहिल्यांदाच होतंय, तर मोजत बसू नका, तातडीनं दवाखाना गाठा.