हायड्रोवरच्या अपघाताचा रिपोर्ट मालकांना कसा लिहावा?

प्रश्न: सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. काल रात्रपाळीत ओला माल पिळायच्या हायड्रो मशीनमध्ये एका कामगाराचा हात अडकला. मालकांना रिपोर्ट द्यायचाय. सगळे म्हणतात, त्याचीच चूक लिहून टाका. काय करू?

उत्तर: मशीन अजून कुणी उघडलं नसेल तर आधी झाकणाच्या स्विचचे आणि त्याच्या वायरींचे फोटो काढून ठेवा. दुरुस्तीवाल्याचा हात लागला की ते पुन्हा मिळत नाहीत.

अक्कलकोट रोडच्या एका डाइंगमध्ये मी असताना हायड्रोवर असाच अपघात झाला होता. माझ्या पहिल्या खर्ड्यात होतं, "कामगाराने चालू मशीनमध्ये हात घातला." ते खोडून मी लिहिलं, "मोटर बंद केलेली होती. झाकण उघडं होतं. बास्केट फिरत होती. ओल्या टॉवेलचा पीळ हाताला बसला आणि मनगट मोडलं." प्रत्येक वाक्यापुढे ते कुणी पाहिलं, हेही लिहिलं. पहिलं वाक्य ठेवलं असतं तर उपाय एकच निघाला असता: कामगाराला समज द्या.

मग वेळा. सीसीटीव्हीचं घड्याळ 7 मिनिटं पुढे निघालं, म्हणून सगळ्या वेळा मोबाईलच्या घड्याळाशी जुळवल्या. 2.40 ला मोटर बंद, 2.41 ला हात अडकला, 2.55 ला गाडी दवाखान्याकडे. पण खरी सुरुवात त्या रात्रीची नव्हतीच. मेंटेनन्सच्या वहीत 11 दिवस आधीची नोंद सापडली: "झाकणाचा स्विच खराब, डायरेक्ट केला." बास्केट पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडू नये, यासाठीच ते इंटरलॉक असतं. माल अडायला नको म्हणून ते बायपास केलं आणि नंतर सगळे विसरले. (वहीत लिहिणाऱ्याचे मी आभारच मानले, न लिहिणारे जास्त असतात.) रिकामी बास्केट फिरवून पाहिली, तर ब्रेक दाबूनही थांबायला जवळपास 2 मिनिटं लागली. ब्रेकचा लायनर झिजला होता.

त्यामुळे उपायांत "कामगारांना सूचना दिल्या" असं लिहिलं नाही. इंटरलॉक आणि लायनर बदलणं, कोण बदलणार, कोणत्या तारखेला, आणि तोवर मेन स्विचला कुलूप. बायपास करायचा झाला तर मॅनेजरची लेखी सही, सही नसेल तर मशीन बंद. शिवाय रोज पाळी सुरू होताना दोन गोष्टी तपासायच्या: झाकण उघडं ठेवून मोटर सुरू होते का, आणि रिकामी बास्केट फिरत असताना झाकणाचं लॉक सुटतं का. दोन्हींचं उत्तर "नाही" यायला हवं.

मालकांनी विचारलं, "चार दिवस माल पिळायचा कुठे?" शेजारच्या डाइंगशी आधीच बोलून त्याचा दर रिपोर्टातच लिहिला होता, म्हणून सही लगेच झाली.

तुमचा कामगार 48 तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर कारखाना निरीक्षकांनाही अपघाताची सूचना द्यावी लागते. तिथे गेलेली वेळ आणि तुमच्या रिपोर्टातली वेळ एकच असू द्या.