‘सगळेच घेतात’ म्हणणाऱ्या पैलवानाच्या वडिलांना

प्रश्न: सर, मुलगा १९ वर्षांचा, कोल्हापूरला तालमीत आहे. ज्या जोडीदाराला तो सहज पाडायचा तो दोन महिन्यांत फुगला आणि आता ह्यालाच चीत करतोय. पोरगं म्हणतं सगळेच पावडर घेतात, मी एकटाच मागं राहणार. घेऊ दे काय? का कुस्तीच सोडवू?

उत्तर: दादा, कुस्ती सोडवू नका, पण पावडरीचं आधी नीट समजून घ्या. लेबल नसलेल्या डब्यात मेथॅन्डिएनोन नावाचं स्टिरॉइड असू शकतं, जिममधली पोरं ज्याला डायनाबॉल म्हणतात ते. अंगात पाणी धरतं म्हणून वजन झटक्यात वाढतं, पाठीवर पुरळ येतं, चिडचिड वाढते. जोडीदाराला तेच झालंय असं मी इथून म्हणणार नाही, पण नुसत्या थंडाई-बदामावर दोन महिन्यांत कुणी एवढं फुगत नाही, हे वस्तादांनाही कळतं.

आता नियम बघा. डोप टेस्टच्या सॅम्पलमध्ये औषध सापडलं की जबाबदारी पैलवानाची, मुद्दाम घेतलं का चुकून गेलं हा प्रश्न नंतरचा. स्टिरॉइडला साधारण ४ वर्षांची बंदी, आणि ती कमी करून घ्यायची तर ते अंगात कसं गेलं हे त्यानंच दाखवायचं. नरसिंग यादव आठवतोय ना, तीनदा महाराष्ट्र केसरी. २०१६ मध्ये हेच मेथॅन्डिएनोन सापडलं, कुणीतरी माझ्या खाण्यापिण्यात मिसळलं असं तो म्हणाला, नाडा या आपल्या देशाच्या डोपिंगविरोधी संस्थेनं सोडलंही, पण वाडा ही जागतिक संस्था अपिलात गेली आणि रिओ ऑलिम्पिकमध्ये कुस्तीच्या आदल्या दिवशी क्रीडा लवादानं ४ वर्षं बाहेर काढलं. कडक वाटतं, मलाही वाटतं, पण ‘मला माहीत नव्हतं’ एवढ्यावर सुटका झाली असती तर प्रत्येकानं तेच सांगितलं असतं आणि तुमच्या पोरासारख्याला कुणी वालीच उरला नसता.

पोराची तक्रार खोटी नाही हेही सांगतो. जत्रेच्या मैदानात सहसा डोप टेस्ट होत नाही, नॅशनलला होते पण तिथंही सगळ्यांची नाही, म्हणजे इनामाच्या कुस्तीत तो घेणाऱ्याशी लढतोय आणि हरतोय हे खरंच असू शकतं. म्हणून त्याचं माप मैदानातल्या हारजितीवर काढू नका. स्पोर्ट्स कोट्यातल्या नोकरीला मॅटवरच्या अधिकृत स्पर्धांची सर्टिफिकेटं लागतात, आणि सॅम्पल पॉझिटिव्ह आलं की ते दिलं त्या दिवसापासूनचे निकालही जातात. बंदीच्या काळात मान्यताप्राप्त स्पर्धा नाही, संघाबरोबर सरावही नाही, १९ चा पोरगा २३ चा होऊन बसतो.

प्रोटीन लागतच असेल तर सीलबंद, बॅच तपासलेलं घ्या, बिल आणि डब्यातलं थोडं जपून ठेवा, उद्या भांडायची वेळ आली तर तेवढाच पुरावा (तरी शंभर टक्के खात्री कुणी देत नाही). आणि हो, वजन उतरवायला कुणी लघवीची गोळी दिली, लॅसिक्स वगैरे, तर तीही बंदीच्याच यादीत आहे, हे बऱ्याच पोरांना माहीतच नसतं. सर्दी-तापाला डॉक्टरकडं गेलात तरी पैलवान आहे हे आधी सांगा. जोडीदाराचं काय ते वस्तादांशी एकट्यात बोला, त्यांनी हसण्यावारी नेलं तर तालीम बदला, कोल्हापुरात तालमींना तोटा नाही.