नवीन प्रश्नावली बनवतोय, फॅक्टर अ‍ॅनालिसिस सोप्या भाषेत कोणी सांगेल का? आणि फॅक्टर किती ठेवायचे?

किती ठेवायचे यावरूनच माझं आणि माझ्या गाइडचं एमएचं अख्खं वर्ष वाजलं होतं, म्हणून लिहितेय.

मी लोकलच्या प्रवासाच्या ताणावर स्केल बनवत होते. २२ विधानं, प्रत्येकाला १ ते ५ मार्क, आणि ठाणे स्टेशनवर संध्याकाळी उभं राहून २४० जणांकडून फॉर्म भरून घेतले. ‘गर्दीत अंग चेपलं की चिडचिड होते’ याला ५ देणारा माणूस ‘दारात लटकावं लागेल याची भीती वाटते’ यालाही बहुतेक ४-५ देतो, पण ‘इंडिकेटरवरची वेळ पुढे सरकली की पोटात गोळा येतो’ याला तो काय देईल ते त्यावरून तितकं सांगता येत नाही. म्हणजे पहिल्या दोघांच्या मागे एक गोष्ट आहे, गर्दी, आणि तिसऱ्याच्या मागे वेगळी, वेळेची अनिश्चितता. ही मागची गोष्ट म्हणजे फॅक्टर. कुठली उत्तरं एकत्र वरखाली होतात ते बघून असे गट शोधायचे, बस. एखाद्या विधानाचं फॅक्टरशी नातं किती घट्ट ते लोडिंग सांगतं, ०.४० च्या खाली असेल तर मी ते विधान काढायचा विचार करते.

आता माझा घोळ. एसपीएसएसने ६ फॅक्टर दिले, कारण त्यात आधीपासूनच आयगेनव्हॅल्यू, म्हणजे त्या फॅक्टरने सगळ्या उत्तरांतला किती फरक उचलला तो आकडा, १ च्या वर असेल तर तो फॅक्टर ठेवायचा असं सेटिंग असतं. माझ्या आयगेनव्हॅल्यू होत्या ६.८, २.३, १.७, १.२५, १.१, १.०४. सर म्हणाले सहाच्या सहा ठेव, नावं शोध, सगळे असंच करतात. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. २२ कॉलममध्ये नुसते रँडम आकडे भरले, ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, तरी २४० जणांच्या डेटात पहिली आयगेनव्हॅल्यू दीडच्या आसपास येते! मग १.०४ ला काय अर्थ उरला? हॉर्नने १९६५ साली यावर पॅरलल अ‍ॅनालिसिस सुचवलं, तुमच्याएवढाच रँडम डेटा पुन्हा पुन्हा बनवायचा आणि तुमचा आकडा त्याच नंबरच्या रँडम आकड्याच्या वर असेल तरच तो फॅक्टर ठेवायचा. आरमध्ये एका ओळीचं काम आहे, d म्हणजे तुमचा डेटा:

```
library(psych)
fa.parallel(d, fa = "pc")
```

माझ्याकडे चौथ्या नंबरला रँडम १.३४ आलं, माझं १.२५, म्हणजे चौथ्यापासून पुढचं सगळं बाद. उरले तीन.

आणि खरी गडबड त्या तिसऱ्यात होती. त्यात चार विधानं होती, ‘गाडीत मोकळं उभं राहता येतं’, ‘गाडी लेट झाली तरी मला फरक पडत नाही’ वगैरे. दोन गर्दीची, दोन वेळेची, विषय वेगळे तरी एका गटात! सरांनी त्याला ‘सहनशीलता’ नाव द्यायला सांगितलं आणि मी दिलंही. व्हायवाच्या आदल्या आठवड्यात रात्री मी सगळे फॉर्म परत काढले तर ३१ फॉर्मवर वरपासून खालपर्यंत ५ च्या कॉलममध्ये टिकची एक सरळ रेघ, गाडी आली असणार आणि माणसाने न वाचता ओढून दिली असणार. चारही विधानं उलटी, म्हणजे ताण नसल्याचं सांगणारी होती आणि त्यांचे मार्क मी नियमाप्रमाणे उलटे केले होते, त्यामुळे या लोकांचा ५ तिथे १ झाला आणि फक्त त्याच चौघांत एकत्र झाला. फॅक्टर भाषेचा होता, मनाचा नाही. ते ३१ काढून परत चालवलं तर तिसरी आयगेनव्हॅल्यू १.३ वर आली, रँडमच्या खाली. राहिले दोन, गर्दी आणि वेळ.

सर म्हणाले फॉर्म काढणं म्हणजे डेटाशी छेडछाड. मी म्हणते काढलेत ते लिहून टाका, किती आणि का, दोन्ही रिझल्ट द्या, मग छेडछाड कसली?

आणखी एक, रोटेशनला, म्हणजे लोडिंग वाचायला सोपी व्हावीत म्हणून फॅक्टर फिरवून बघतात त्याला, सवयीने व्हॅरिमॅक्स लावू नका. ते फॅक्टरांचा एकमेकांशी संबंध शून्य धरतं. ज्याला गर्दीचा त्रास त्याला लेट गाडीचाही होतोच, माझ्याकडे संबंध असू देणाऱ्या ऑब्लिमिन रोटेशनने दोघांत ०.५२ चा संबंध आला. आणि एक्सट्रॅक्शनला, म्हणजे फॅक्टर काढायच्या पद्धतीला, प्रिन्सिपल कंपोनंट नको, प्रिन्सिपल अ‍ॅक्सिस घ्या; वरच्या कोडमधलं pc फक्त किती ठेवायचे ते ठरवण्यापुरतं.

हो, सगळी उलटी विधानं वाईट असं नाही, न वाचता भरणारे त्यांच्यामुळेच सापडले. पण नीट वाचणाऱ्यांकडेही ती कधीकधी वेगळा गट करतात, तेव्हा नाव द्यायच्या आधी विधानं मोठ्याने वाचून बघा. पॅरलल अ‍ॅनालिसिसही एखाद-दुसरा फॅक्टर कमीजास्त सांगू शकतं. आणि जे दोन-तीन फॅक्टर मिळतील ते पक्के करायला कन्फर्मेटरी अ‍ॅनालिसिस, म्हणजे ठरवलेले गट डेटात खरंच बसतात का याची तपासणी, त्याच लोकांवर करू नका, नवीन माणसं लागतील. मी दुसऱ्या वेळी ऐरोलीला गेले होते.