१५ × ४० फुटांच्या गाळ्यात खुर्च्या किती बसवाव्यात?

प्रश्न: ठाण्यात नौपाड्यात ६०० चौरस फूट कार्पेटचा गाळा घेतलाय, १५ फूट रुंद आणि ४० फूट खोल. मालवणी थाळीचं हॉटेल काढतोय. कंत्राटदार ३० खुर्च्या बसतील म्हणतो, भाडं बघता मला ३६ हव्यात. किचन लहान करू का?

उत्तर:

किचनला हात लावू नका आणि ३० चाही हट्ट सोडा. तुमच्यासारख्याच लांबट गाळ्यात मी आधी ३० खुर्च्या लावल्या आणि चार महिन्यांनी सहा काढल्या. गल्ला कमी झाला नाही. कसं ते सांगतो.

मागचे १४ फूट किचनला दिले की २१० चौरस फूट होतात, म्हणजे साधारण एकतृतीयांश. थाळीच्या हॉटेलला त्याहून कमी पुरत नाही. उरले २६ फूट. पुढचे चार गल्ला आणि थांबणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी, मागचे चार जेवण देण्याच्या खिडकीसमोर मोकळे. टेबलांना लांबी मिळते ती १८ फूट.

कंत्राटदाराने बहुतेक असं मांडलं असेल: दोन्ही भिंतींना आडवी चार-चार जणांची बाकांची टेबलं, तीन-तीन. ती दोन्हीकडून चार-चार फूट खातात. मध्ये सात फूट उरतात आणि ते रिकामे बघवत नाहीत, म्हणून तिथे दोघांच्या टेबलांची तिसरी रांग. झाल्या ३० खुर्च्या. पण वाटा दोन, प्रत्येकी अडीच फुटांच्या. कागदावर अडीच फूट बरे वाटतात. दोन हातांत दोन थाळ्या घेतलेल्या वेटरला तीन फूट लागतात, आणि बाकावरून कोणी उठलं की तो जागीच उभा. माझ्याकडे दुपारी एक वाजता समोरासमोर आलेले दोन वेटर एकमेकांना ‘तू मागे जा’ म्हणत थांबायचे, तोवर सुरमई गार.

मी केलं ते असं. एका भिंतीला चौघांची तीन टेबलं तशीच ठेवली. दुसऱ्या भिंतीला दोघांची तीन, दोन फूट रुंदीची, खुर्च्या पुढे-मागे. मधल्या रांगेतही तशीच तीन. १५ फुटांतून चार, दोन आणि दोन गेले, सात उरले: बाकांच्या बाजूला चार फुटांची मोठी वाट, पलीकडे तीन फुटांची. खुर्च्या २४.

आता टेबलं मोजा. आधी नऊ होती, आताही नऊच. नौपाड्यात दुपारी येतात ती बँकेतली, दुकानांतली माणसं, एकटी-दुकटी. चौघांच्या टेबलावर दोघं बसले की उरलेल्या दोन खुर्च्या शोभेच्या. अनोळखी माणसाबरोबर बसायला आता फार कोणी तयार नसतं. एका वेळी नऊच गट बसणार असतील तर जास्तीच्या सहा खुर्च्या फक्त वाट अडवतात. रविवारी कुटुंबं आली की मधलं टेबल भिंतीच्या टेबलाला जोडायचं, चौघं बसतात. म्हणून मधली टेबलं जमिनीत ठोकून घेऊ नका.

चार फुटांची वाट भरलेल्या थाळ्यांची, तीन फुटांची उष्ट्या ताटांची. खिडकी मोठ्या वाटेच्या तोंडाशी, आणि भांडी आत टाकायचं दार दुसऱ्या टोकाला, आत शिरताच मोरी. हे दोन्ही एकाच दारातून नेलंत तर गरम रस्सा आणि खरकटं रोज एकमेकांवर आदळतील. हात धुवायचं बेसिनही खिडकीजवळ नको. मी तीच चूक केली होती. प्लंबिंगचे पैसे वाचले आणि ओल्या हातांची रांग वेटरच्या वाटेत उभी राहिली. नळ थोडा लांब न्यावा लागला तरी बेसिन तीन फुटांच्या वाटेच्या शेवटी, मोरीच्या भिंतीला लावा.

किचन लहान का करायचं नाही? २४ माणसं, प्रत्येकी दोन भाकऱ्या, म्हणजे ४८, आणि त्याही जवळपास एकाच वेळी. आमची भाकरीवाली ताई दोन तवे सांभाळते, तरी एक ते दोन तिची मान वर होत नाही. खुर्च्या वाढवल्या तर माणसं बसतील, पण भाकरीची वाट बघत. भात, आमटी, रस्सा आधी तयार असतो. भाकरी आणि तळलेला मासा शेवटच्या मिनिटाला होतो, म्हणून तवा आणि कढई खिडकीला लागून, चिरायची जागा आणि कोठार मागे. दोन माणसं पाठीला पाठ लावून काम करणार असतील तिथे साडेतीन फूट सोडाच.

सुतार येण्याआधी फरशीवर खडूने हे सगळं आखा. घरच्या खुर्च्या मांडा, पाचसहा जणांना बसवा, दोघांना पाण्याने भरलेल्या वाट्यांची ताटं घेऊन उलटसुलट चालायला लावा. पाणी जिथे सांडेल तिथलं टेबल हलवा. आणि कार्पेटचे १५ फूट प्लॅस्टरनंतरचे आहेत ना, ते टेप लावून स्वतः बघा. माझे साडेचौदा निघाले होते, ते सहा इंच मी मोठ्या वाटेतून कापले.