आधी आपली ओळख आपणच सांगावी

प्रश्न : आजीला स्मृतिभ्रंश झाला आहे. तिची देखभाल आता मीच करते. ती मला कधी ओळखते, कधी नाही. खोलीत गेल्यावर पहिले शब्द काय बोलावेत, म्हणजे ती घाबरणार नाही?

उत्तर : ‘मी कोण, सांग बघू’ हे वाक्य तुमच्या घरातून आजच कायमचे बंद करा. आमच्या घरी त्यावरून दोन वर्षे वाद चालला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

माझे वडील, म्हणजे आप्पा, बेळगावात वडगाव भागात आयुष्यभर यंत्रमागावर राबले. मागाच्या खडखडाटाने त्यांचे कान आधीच अधू झाले होते आणि पुढे अल्झायमरचे निदान झाले. दोन वर्षांपूर्वी गणपतीला माझा थोरला भाऊ पुण्याहून आला आणि थेट खोलीच्या दारात उभा राहिला. उजेड त्याच्या पाठीमागून येत असल्याने आप्पांना चेहरा दिसत नव्हता, दिसत होती ती फक्त एक काळी आकृती, आणि ती आकृती मोठ्या आवाजात विचारत होती, “आप्पा, मी कोण, सांगा बघू?” त्याने तो प्रश्न चार वेळा विचारला. आप्पांनी खाटेची कड घट्ट धरली आणि “मालकांना सांगा, उद्या कामावर येतो,” असे म्हणून भिंतीकडे तोंड फिरवले. दुपारी ते जेवले नाहीत. कोण आले होते हे ते तासाभरात विसरले, पण बेचैनी मात्र संध्याकाळपर्यंत राहिली. या आजारात प्रसंग पुसला जातो, त्याने मनावर उठलेली भावना त्यानंतरही बराच वेळ टिकते. जी गोष्ट आजाराने हिरावून घेतली आहे, नेमकी तीच दारात उभे राहून मागणे म्हणजे त्या माणसाला चारचौघांत नापास करणे होय.

मी आता रोज सकाळी असे करते. मागून किंवा बाजूने न जाता समोरून, त्यांना दिसेन अशी, सावकाश जाते. आधी खिडकीचा पडदा सारून उजेड माझ्या चेहऱ्यावर येईल अशी उभी राहते, कारण कमी ऐकू येणाऱ्या माणसाला ओठ दिसावे लागतात. दोन हातांच्या अंतरावर थांबून, त्यांची नजर माझ्याकडे वळल्यावरच म्हणते, “आप्पा, नमस्कार. मी तुमची धाकटी लेक. चहा आणला आहे.” मग मनात दहापर्यंत मोजते. शब्द कानांवर पडून त्यांचा अर्थ लागायला त्यांना वेळ लागतो आणि आपण मध्येच दुसरे वाक्य टाकले, तर पहिलेही वाया जाते. पुन्हा सांगावे लागले तर तेच शब्द तसेच सांगते. त्यानंतर स्टुलावर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर, किंचित बाजूला बसते आणि तळवा वर करून हात पुढे धरते. तो धरायचा की नाही, हे ते ठरवतात.

पुष्कळदा ते मला त्यांची थोरली बहीण समजतात. “आक्का, खानापूरहून कधी आलीस?” असे विचारतात. आक्का वारली, हे मी सांगत नाही, कारण त्यांच्यासाठी ते दर वेळी नवे दुःख असते. आणि मीच आक्का आहे, असेही म्हणत नाही. “आक्काची आठवण आली का? तिच्या हातचे काय आवडायचे?” असे विचारते, आणि ते बोलू लागतात. मात्र “तू कोण?” असे त्यांनी सरळ विचारले, तर खरे तेच सांगते.

काही दिवशी ते मागाच्या शेडमधली कन्नड बोलतात. तेव्हा मीही “बर्री, कूड्री”, म्हणजे “या, बसा”, असे म्हणते. मराठी घरात बापाशी कन्नड कशाला, असे म्हणणारे नातेवाईक आमच्याकडे आहेत. सीमेचा वाद आजाऱ्याच्या खाटेपर्यंत आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यांनी अंग आखडले किंवा तोंड फिरवले, तर मी वाद न घालता बाहेर येते आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. कालपर्यंत ओळखणारे माणूस एक-दोन दिवसांत अचानक ओळखेनासे झाले, गुंगीत राहू लागले किंवा फार भ्रमिष्ट बोलू लागले, तर आजार वाढला असे समजून गप्प बसू नका. लघवीच्या मार्गातला संसर्ग, अंगातले पाणी कमी होणे किंवा नवे औषध यांनीही तसे होते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शिवाय प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असते. तुमच्या आजीला कदाचित स्पर्श नकोसा वाटेल.

स्मरणशक्तीला व्यायाम दिला नाही तर ती गंजते, असे दादा अजूनही म्हणतो. जुने फोटो पाहावेत, अभंग म्हणावेत, त्याला माझी हरकत नाही. परंतु भेटीच्या पहिल्या क्षणी परीक्षा घेतल्याने आप्पांची एकही आठवण परतली नाही, हे त्यानेच पाहिले आहे. गेल्या दिवाळीत तो पहिल्यांदा स्टुलावर बसला आणि म्हणाला, “आप्पा, मी तुमचा थोरला. पुण्याहून आलो.” आप्पांनी त्याला ओळखले नाही. त्यांनी आपल्या हातातली अर्धी चकली त्याला दिली आणि विचारले, “कुठल्या मागावर आहेस?” दादाने उलट विचारले, “तुम्ही कुठल्या मागावर होतात?” त्यावर आप्पा चहा गार होईपर्यंत बोलत राहिले.