आवक गाडीभाडं आणि आवक परत: शब्द एक, वाटा दोन

प्रश्न: ‘मुलगी अकरावी कॉमर्सला आहे. तिच्या पुस्तकात कॅरेज इनवर्ड्‌स खरेदीच्या बाजूला दाखवलंय आणि रिटर्न्स इनवर्ड्‌स मात्र विक्रीतून वजा केलंय. दोन्हीकडे शब्द इनवर्ड्‌सच, मग असं का? कॅरेज आउटवर्ड्‌स तर व्यापार खात्यात दिसतच नाही. आणि या सगळ्याला मराठीत नेमकं काय म्हणायचं?’

लासलगावात कांद्याची आवक वाढली असं आपण म्हणतो, तेव्हा कांदा बाजार समितीच्या आवारात आला एवढंच सांगत असतो. तो कुणी विकला, कुणी घेतला, याबद्दल ‘आवक’ हा शब्द काहीच बोलत नाही. कचेरीतल्या आवक-जावक रजिस्टरचंही तसंच. आवक म्हणजे आत आलेलं पत्र, मग ती तक्रार असो, उत्तर असो की लग्नाचं आमंत्रण.

हिशेबातले इनवर्ड्‌स आणि आउटवर्ड्‌स हे असेच दिशेचे शब्द आहेत. माल दुकानाचा उंबरा ओलांडून आत आला की बाहेर गेला, इतकंच ते सांगतात. माल आत येण्याची कारणं मात्र दोन असतात. एक, आपण तो विकत घेतला. दोन, आपण विकलेला माल गिऱ्हाइकाने परत केला. पहिल्या कारणाने माल आला तर तो आणण्याचं भाडं खरेदीच्या बाजूचं, म्हणून आवक गाडीभाडं खरेदीजवळ बसतं. दुसऱ्या कारणाने आला तर ती मोडलेली विक्री असते, म्हणून आवक परत विक्रीतून वजा होतं. बाहेर जाणाऱ्या मालाचं याच्या नेमकं उलट: विकलेला माल पोचवण्याचं भाडं विक्रीच्या बाजूचं आणि पुरवठादाराला परत पाठवलेला माल खरेदीतून वजा.

म्हणून परतीसाठी मला ‘आवक परत’ आणि ‘जावक परत’ या शब्दांपेक्षा ‘विक्री परत’ आणि ‘खरेदी परत’ हेच शब्द पसंत आहेत. दिशा सांगण्याऐवजी ते व्यवहार सांगतात. ‘विक्री परत’ ऐकल्यावर ते कुठल्या आकड्यातून वजा करायचं हे वेगळं आठवावं लागत नाही. इंग्रजीतही सेल्स रिटर्न्स आणि पर्चेस रिटर्न्स हे पर्याय आहेतच. परीक्षेत मात्र दोन्ही जोड्या येतात, तेव्हा मुलीला दोन्ही ओळखता यायला हव्यात.

वाहतुकीच्या बाबतीत मी दिशेचे शब्दच ठेवीन, कारण ‘खरेदी भाडं’ म्हटलं की काहीतरी भाड्याने घेतल्यासारखं वाटतं. आवक गाडीभाडं आणि जावक गाडीभाडं, किंवा आवक वाहतूक खर्च आणि जावक वाहतूक खर्च. यात ‘गाडी’ शब्दाला अडखळू नये. माल रेल्वेने आला काय, टेंपोने आला काय, हिशेबाला सारखंच. माल उतरवण्याची हमालीही दुकानांत बहुधा त्याच खात्यात घेतात.

आता भाडं कुणाचं हे दुकानात कसं कळतं ते सांगतो, कारण पुस्तकात हा भाग निसटतो. ट्रान्सपोर्टवाल्याच्या बिल्टीवर ‘टू पे’ किंवा ‘पेड’ लिहिलेलं असतं. टू पे असेल तर माल सोडवून घेणारा भाडं भरतो, आणि त्याच्या वहीत ते आवक गाडीभाडं होतं. पेड असेल तर पाठवणाऱ्याने ते आधीच भरलेलं असतं. त्याने ते बिलात वेगळं लावून वसूल केलं नसेल, तर त्याच्या वहीत ते जावक गाडीभाडं. ट्रक तोच, रस्ता तोच, रक्कम तीच. वही कुणाची यावर नाव बदलतं.

एक उदाहरण घेऊ. जीएसटी बाजूला ठेवतो, नाहीतर मूळ मुद्दा झाकला जाईल. नाशिकमधलं एक नवं दुकान सोलापूरहून चादरी आणतं. पहिल्या वर्षी ४०० रुपयांप्रमाणे १,०५० चादरी घेतल्या, खरेदी ४,२०,००० रुपये. त्यातल्या ५० चादरींची वीण सदोष निघाली म्हणून त्या परत पाठवल्या, खरेदी परत २०,०००. त्या ५० चादरींच्या जाण्यायेण्याचं भाडं पुरवठादाराने सोसलं. उरलेल्या १,००० चादरी आणायला दुकानाला भाडं आणि हमाली मिळून १२,००० रुपये पडले, म्हणजे चादरीमागे १२. विक्री ६०० रुपयांप्रमाणे ८५० चादरींची झाली, ५,१०,००० रुपये. ५० चादरी रंग पसंत पडला नाही म्हणून गिऱ्हाइकांनी परत आणून दिल्या, विक्री परत ३०,०००. त्या चांगल्या स्थितीत होत्या, पुन्हा फळीवर गेल्या. हॉटेलांना आणि लॉजना माल पोचवायला टेंपोचे १५,००० रुपये झाले. दुकानभाडं आणि पगार मिळून ७५,०००.

वर्षअखेरीस शिल्लक किती? १,००० मधून ८०० गेल्या, २०० उरल्या. त्यांची किंमत कितीने धरायची, ४०० ने की ४१२ ने? आवक गाडीभाडं व्यापार खात्यात का असतं, याचं खरं उत्तर या प्रश्नात आहे. सोलापूरच्या गोदामात ती चादर ४०० रुपयांची होती. नाशिकच्या फळीवर, विकायला तयार अशी ती ४१२ ची झाली. भारतातलं लेखा मानक २ हेच सांगतं: माल आत्ता आहे त्या जागी आणि त्या स्थितीत आणायला लागलेला खर्च हा मालाच्या किमतीचा भाग. विक्रीचा आणि वितरणाचा खर्च मात्र त्यात धरायचा नाही. म्हणून अखेरचा साठा २०० गुणिले ४१२, म्हणजे ८२,४०० रुपये.

आता व्यापार खातं मांडू. नावे बाजूला खरेदी ४,२०,००० वजा खरेदी परत २०,०००, म्हणजे ४,००,०००. त्याखाली आवक गाडीभाडं १२,०००. जमा बाजूला विक्री ५,१०,००० वजा विक्री परत ३०,०००, म्हणजे ४,८०,०००. त्याखाली अखेरचा साठा ८२,४००. ढोबळ नफा निघतो १,५०,४००. ताळा लगेच घेता येतो: विकलेल्या ८०० चादरींवर प्रत्येकी ६०० वजा ४१२, म्हणजे १८८ रुपये, आणि ८०० गुणिले १८८ म्हणजे १,५०,४००.

हा ढोबळ नफा नफा-तोटा खात्याच्या जमा बाजूला उतरतो. तिथे नावे बाजूला जावक गाडीभाडं १५,००० आणि बाकीचे ७५,०००. निव्वळ नफा ६०,४००. टेंपोने चादर हॉटेलात पोचली म्हणून ती जास्त किमतीची झाली नाही. ती आधीच विकली गेली होती. जावक गाडीभाडं हा विक्री पार पाडण्याचा खर्च आहे, जाहिरातीसारखा, म्हणून ते व्यापार खात्यात दिसत नाही.

बरेच जण म्हणतात, आवक भाडं चुकून नफा-तोटा खात्यात गेलं तरी निव्वळ नफा तोच येतो, मग काय बिघडलं? साठ्याची किंमत बरोबर धरली असेल तर निव्वळ नफा तोच येतो हे खरं. पण ज्याच्या मनात भाडं हा नुसता खर्च असतो, तो साठाही बहुधा ४०० नेच धरतो. मग ढोबळ नफा होतो १,६०,००० आणि निव्वळ नफा ५८,०००. एक फुगला, दुसरा २,४०० रुपयांनी आटला. हे २,४०० म्हणजे न विकलेल्या २०० चादरींचं भाडं. ते पुढच्या वर्षी, त्या चादरी विकल्या जातील तेव्हाच्या हिशेबात जायला हवं होतं. मी बरीच वर्षं एका घाऊक कापडव्यापाऱ्याकडे वह्या लिहिल्या. तिथे एका वर्षी ही चूक माझ्याच हातून झाली होती. शेठ मिळकतीचं गणित ढोबळ नफ्याच्या टक्क्यावर करत, त्यामुळे पुढच्या हंगामात त्यांनी भाव थोडे उतरवले. फुगलेल्या टक्क्याने त्यांना तेवढी जागा आहे असं दाखवलं होतं, प्रत्यक्षात ती भाड्यात गेलेली होती.

तुमच्या मुलीला आणखी एक अडचण येईल, ती तेरजेत. आवक गाडीभाडं, जावक गाडीभाडं आणि विक्री परत या तिन्हींची शिल्लक नावे असते, एकट्या खरेदी परतची जमा. त्यामुळे विक्री परतही खर्चासारखी व्यापार खात्याच्या नावे बाजूला लिहायचा मोह होतो. बेरजेने ढोबळ नफा तोच येतो, पण विक्री ५,१०,००० झाली असं खातं सांगू लागतं, जे खोटं आहे. परत आलेला माल हा खर्च नाही, ती न झालेली विक्री आहे. ती वजा करूनच दाखवायची. जमा शिल्लक असलेली खरेदी परतही तशीच, उत्पन्न म्हणून नाही, खरेदीतून वजा करून.

टॅलीत काम करणाऱ्यांना हेच गट निवडताना दिसतं. आवक भाड्याचं खातं `Direct Expenses` खाली, जावक भाड्याचं `Indirect Expenses` खाली, विक्री परत `Sales Accounts` खाली आणि खरेदी परत `Purchase Accounts` खाली. गट चुकला की ढोबळ नफाही चुकतो, आणि पडद्यावर कुठलीही सूचना येत नाही.

आत येणारं प्रत्येक भाडं मात्र आवक गाडीभाडं नसतं. दुकानासाठी लोखंडी कपाट आणलं तर त्याचं भाडं कपाटाच्या किमतीत मिळवायचं, ते ताळेबंदात जातं. कपाट आपण विकायला आणलेलं नाही. गिऱ्हाइकाने परत केलेला माल आपल्या पैशाने आणवला, तर ते भाडंही माझ्या मते नफा-तोटा खात्यात जावं. चादर एकदा नाशिकला पोचून ४१२ ची झाली होती, हॉटेलात जाऊन परत आल्याने ती ४३० ची होत नाही.

आणि गणितात नुसतंच ‘गाडीभाडं’ किंवा ‘कॅरेज’ लिहिलं असेल, आवक की जावक याचा पत्ता नसेल, तर ते आवक धरून व्यापार खात्यात घेण्याचा प्रघात आहे. मुलीने उत्तराखाली तसं एका ओळीत लिहून ठेवावं.