मधुमेही पायाची जखम : घरच्या ड्रेसिंगबद्दल तुमचे प्रश्न

ड्रेसिंग रोज बदलायचं की दिवसाआड?

तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं. मात्र ते ओलं झालं, घसरलं किंवा आतलं पाणी वरपर्यंत आलं, तर ठरलेल्या दिवसाची वाट पाहू नका.

कोमट मीठपाण्यात पाय बुडवून ठेवला तर?

नाही. अंघोळीलाही पायाला प्लास्टिकची पिशवी बांधा.

हायड्रोजन पेरॉक्साइडने धुतलं की फेस येतो, म्हणजे घाण निघते ना? शेजारी हळद भरा म्हणतात, आणि मेडिकलवाल्याने पावडरही दिली आहे.

फेस निरोगी मांसावरही येतो; त्याने नवी कोवळी वाढही जळते. हळद आणि पावडर जखमेत घट्ट बसतात, मग तळाला पू आहे की नाही ते आम्हालाही दिसत नाही. हात साबणाने धुवा, नॉर्मल सलाइनने जखम हलकेच धुवा, भोवतालची कातडी टिपून कोरडी करा आणि लिहून दिलेलंच ड्रेसिंग लावा. चिकटपट्टी बोटाभोवती गोल गुंडाळू नका. औषध लावायचं ते दुकानदाराच्या नव्हे, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

जखम अजिबात दुखत नाही. पुढच्या तारखेपर्यंत थांबलो तर चालेल का?

हा प्रश्न दर आठवड्याला येतो आणि दर वेळी मला धास्ती वाटते. दुखत नाही ते जखम बरी होतेय म्हणून नव्हे, तर साखरेने नसा बधिर झाल्यात म्हणून. दुखणं हा तुमचा पहारेकरी होता, तो झोपलाय. आता डोळ्यांनी आणि ग्लुकोमीटरने पहारा द्यायचा.

एका गृहस्थांच्या अंगठ्याखाली जखम होती. ड्रेसिंग पत्नी करायच्या, नीटच करायच्या. शनिवारी कडेला थोडी लाली दिसली. उपाशीपोटीची साखर एरवी 150च्या आसपास, ती 280 झाली. जेवण तेच, गोळ्या त्याच. घरच्यांनी दोष दिला प्रसादाच्या शिऱ्याला. ताप नव्हता, म्हणून बुधवारच्या तारखेपर्यंत थांबले. तोवर लाली पायाच्या वरच्या बाजूला चढली होती, ड्रेसिंगला कुजका वास होता, आणि जखमेत तपासणीची सळई घातली तर ती थेट हाडाला लागत होती. अंगठा काढावा लागला. शनिवारी आले असते तर कदाचित वाचला असता.

कारण नसताना चढलेली साखर हा जंतुसंसर्गाचा इशारा असू शकतो; ताप कित्येकदा येतच नाही. लाली दिसली की तिच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा आणि वेळ लिहा, पण रेघ कितपत ओलांडते ते पाहत घरी बसू नका. त्याच दिवशी फोन करून दाखवा. पू, वास, वाढती सूज, पाय गरम लागणं, नव्याने दुखू लागणं यालाही तेच. कातडी काळी पडली, पाय गार-फिकट झाला, थंडी वाजून ताप आला किंवा दाबल्यावर कातडीखाली कुरकुर जाणवली, तर फोनही नको, थेट रुग्णालय, रात्र असली तरी.

घरातल्या घरात अनवाणी चाललं तर?

अजिबात नाही. दाब टाळायला दिलेली चप्पल रात्री बाथरूमला जातानाही घाला. ती टोचत असेल तर काढून ठेवू नका, दाखवून बदलून घ्या.